“ते औषध थोडंच आहे?”

“ताण कमी व्हावा म्हणून अश्वगंधा सुरू केली. वनस्पतीच आहे, तिने काय होणार? पण धडधड वाढतच चालली आहे. माझी चिंता हाताबाहेर जातेय का?”

असं विचारणारे बरेच जण भेटतात. त्यांतल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते.

“धडधड कधी होते?”

“कधीही. रविवारी दुपारी वाचत पडले असतानाही.”

“तेव्हा मनात काय चाललेलं असतं?”

“काहीच नाही, मॅडम.”

मी तिथेच थांबले. चिंतेच्या धडधडीला बहुधा एखादा विचार चिकटलेला असतो. हिच्या धडधडीला नव्हता. भूक चांगली असून वजन उतरलं होतं आणि पेला उचलताना बोटं थरथरत होती. मन उलगडण्याआधी शरीराचं ऐकून घ्यावं, ही माझी जुनी सवय. इथे ती उपयोगी पडली.

“रोज कोणती औषधं घेता?”

“थायरॉईडची गोळी. बरीच वर्षं, तोच डोस.”

“आणि अश्वगंधा?”

“ते औषध थोडंच आहे? आधी एक कॅप्सूल घ्यायचे. बेचैनी वाढली म्हणून दोन केल्या.”

कोडं सुटलं ते इथेच. थायरॉईड किंचित मंद असलेल्या लोकांवरच्या एका छोट्या चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम मुळाच्या अर्काने 8 आठवड्यांत थायरॉईड हार्मोन वाढले, आणि थायरॉईडला कामाला लावणारा टीएसएच हा मेंदूकडचा हार्मोन उतरला, जो थायरॉईड हार्मोन जास्त झाले की खाली जातो. आधीच गोळी चालू असेल, तर ही वाढ तिच्यावर चढते. मग धडधड, थरथर, उडालेली झोप. माणसाला वाटतं ताण वाढला, आणि तो आणखी एक कॅप्सूल घेतो.

मी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. टीएसएच फारच खाली होता. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, गोळी तशीच ठेवली. 6 आठवड्यांनी तपासणी पुन्हा जागेवर आली. शाळेतला ताण मात्र होता तसाच होता. त्यावर आम्ही नंतर सावकाश काम केलं.

अश्वगंधा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ताण आणि झोपेवर थोडा फायदा काही चाचण्यांत दिसला आहे. पण त्या लहान, बहुतेक दोन-तीन महिन्यांच्या. वर्षानुवर्षं घेण्याचा भरवसा त्यांतून मिळत नाही. गरोदरपणात ती टाळावी. झोपेच्या, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांचा परिणाम वाढू शकतो. क्वचित यकृतालाही इजा होते: अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे. असं दिसलं तर त्याच दिवशी कॅप्सूल बंद करून डॉक्टर गाठायचे.

तणावावरच्या इतर वनस्पतींचंही असंच. जिनसेंग रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिन गोळीचा परिणाम कमी करू शकतं, ज्येष्ठमध रक्तदाब चढवतं. म्हणून डॉक्टरांनी “कोणती औषधं चालू आहेत?” असं विचारलं की ही बाटलीही पुढे ठेवायची, आणि कधी सुरू केली ती तारीखही सांगायची.