पेजेची वाटी आणि अण्णांची शुगर

"बाबा निवृत्त शिक्षक, देवगडला असतात. शुगर वाढलीय. रोज सकाळी चालतात, पण पेज-भात सोडायला तयार नाहीत. नुसत्या चालण्याने उतरेल का?"

आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं सांगते. गुहागरला असतात. शाळेत होते तोवर दिवसभर पायांवर उभे. निवृत्तीनंतर ते थांबलं, जेवण मात्र तेच राहिलं. सकाळी पेज, दोन वेळा भात. ६३व्या वर्षी उपाशीपोटी शुगर १६८ आली आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ८.४. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं.

दीड महिना अण्णा रोज पहाटे पाऊण तास समुद्रावर चालले. शुगर १५०पर्यंत आली आणि तिथेच अडकली. मग मी ग्लुकोमीटर आणला. पेजेआधी १४८, दोन तासांनी २४६! अण्णा आकड्याकडे बघतच राहिले. चालून आलं की दोन मोठ्या वाट्या पेज जायची. मऊ शिजलेला पातळ भात चटकन पचतो आणि साखर भराभर रक्तात उतरते.

पेज तोडायला सांगून अण्णांनी ऐकलंच नसतं. म्हणून एक लहान वाटी ठेवली आणि सोबत वाटीभर मुगाची उसळ. दुपारी आधी भाजी आणि बांगडा, मग मूठभर भात. रात्री भाताऐवजी एक नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. नाचणी चांगली म्हणून एकदा तीन भाकऱ्या खाल्ल्या, तर शुगर भातासारखीच चढली. जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या सुरू केल्या, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि जेवणानंतरच ती सगळ्यात जास्त असते. पंधरा दिवसांनी पेजेनंतरचा आकडा १७६ आला.

आता जपायची गोष्ट. जेवण बदलल्यानंतर पाचव्या आठवड्यात अण्णा समुद्रावरून परतले ते घामाने डबडबून, हात थरथरत होते. शुगर ६२. त्यांना ग्लिमेपिराइडची गोळी होती. ती खाल्लं-न खाल्लं बघत नाही, इन्सुलिन वाढवतेच. इकडे खाणं कमी, त्यात उपाशीपोटी चालणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ९४. त्याच दिवशी दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी तो डोस निम्मा केला. तेव्हापासून अण्णा दोन खजूर खाऊन निघतात आणि खिशात साखरेची पुडी असते. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ६.८ आली.

बाबांच्या गोळ्यांची नावं आधी बघा. त्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि पायाला मुंग्या येत असतील तर वाळूत अनवाणी चालू देऊ नका, शिंपला लागलेला त्यांना कळणारही नाही.