आहेराच्या वहीतून वर्षाचं गणित

"आई, दर लग्नाला निघायच्या तासभर आधी मी दारव्ह्याच्या बाजारात साडी शोधत फिरते आणि महिनाअखेरीस हात रिकामे. आजी म्हणते, 'वही पाहा.' वही पाहून वर्षाचं कसं ठरवायचं?"

प्रिय बाळा,

आजीच्या आहेराच्या वहीची गेल्या तीन वर्षांची पानं उघड आणि आधी फक्त लग्नं मोज. समजा ११, ९ आणि १३ निघाली, तर येत्या वर्षी ११ धर. कुणाचं लग्न कधी निघेल हे आज सांगता येत नाही, पण मोठ्या गोतावळ्यात वर्षाची संख्या फारशी हलत नाही. या अकरांत साडी-चोळीचा पूर्ण आहेर लागेल अशी जवळची दोन घरं, एखादं भांडं किंवा पाचशे-आठशेचं काही द्यावं अशी तीन आणि पाकिटावर भागेल अशी गावातली सहा. दोनांना २,५००, तिघांना ८०० आणि सहांना २०० धरले की ८,६०० रुपये होतात.

कुणाला किती, हेही वहीतच सापडेल. त्या घरून आपल्याकडे जे आलं त्याच्या खाली जाऊ नकोस. जुना आकडा असेल तर आजच्या भावाने वाढव. पण फार वरही जाऊ नकोस. तुझा मोठा आहेर त्यांच्या वहीत चढतो आणि उद्या त्यांना तेवढाच परत करावा लागतो. ज्याचं सोयाबीन पावसाने गेलंय, त्याच्या डोक्यावर ते ओझंच होतं.

आता ठरलेल्या तिथी. संक्रांतीचं वाण २५ जणींना २० रुपयांप्रमाणे ५००, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारी येणाऱ्या दहा पोरांचा बोजारा ५० प्रमाणे ५००, राखी-भाऊबीज मिळून १,५००. ऑफिसातल्या चार वर्गण्या ३०० च्या, म्हणजे १,२००. सरकारी निवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून आधीच कळते आणि ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी असते. वर्षाच्या सुरुवातीलाच ऑफिसात विचारून कॅलेंडरवर खूण कर.

एक खर्च मात्र गेल्या वर्षीच्या पानावर नसतो: अधिक मास. तो साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे आत्याच्या यजमानांना ३३ अनारशांचं वाण आणि कपडे. त्यात तुझा वाटा १,२०० धर. त्या महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणून ती बरीचशी आधी, एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटतात. पुढचे सणही सरकतात. २०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती, २०२६ ची ११ नोव्हेंबरला आहे. म्हणून जुन्या तारखा उतरवू नकोस, नवीन पंचांग समोर ठेवूनच लिही.

एवढ्याची बेरीज १३,५०० होते. तिच्यावर पाचवा हिस्सा, २,७०० रुपये, न सांगता येणाऱ्या गोष्टींसाठी ठेव: बारसं, घरभरणी, तेरवीला न्यायचा दुखवट्याचा आहेर. तेरवीला दहा-बारा दिवसच मिळतात, तिथे घासाघीस करत बसायला वेळ नसतो. एकूण १६,२०० झाले, म्हणजे महिन्याला १,३५०. पगार झाला की ते पैसे वेगळ्या खात्यात टाक. आजोबांचा वाटा कापूस विकला गेला की लगेच मागून घे. जूनमध्ये बियाणं-खताला पैसे लागतात, तेव्हा मागू नकोस.

खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये कर. एप्रिलमध्ये दुकानात गर्दी असते आणि चांगले रंग आधीच उचललेले असतात. दोन साड्या, दहा ब्लाऊज पीस, सहा टॉवेल-टोप्या घरात असल्या की बरीच धावपळ वाचते. मात्र पूर्ण काळं किंवा पूर्ण पांढरं घेऊ नकोस, आणि म्हाताऱ्या बायांना सहावारी नेण्याआधी आजीला विचार, कारण त्यांतल्या काही अजून नऊवारच नेसतात. जरीच्या साडीला डांबराची गोळी टेकू देऊ नकोस, तिची जर काळी पडते. घडी दोन-तीन महिन्यांनी बदल, नाहीतर तिथेच चीर जाते. स्टीलच्या भांड्यावर नाव आधी कोरून ठेवू नकोस. घर नक्की झाल्यावरच कोरून घे, कारण कोरलेलं भांडं ना बदलून मिळतं ना दुसऱ्याला देता येतं.

आपल्याकडे आलेल्या साड्या पुढे द्यायला काहीच हरकत नाही, सगळे देतात. फक्त साडी पेटीत जाण्याआधीच पदराला टाचणीने चिठ्ठी लाव: कुणाकडून आली, कोणत्या प्रसंगाला. चिठ्ठी नसली की दोन वर्षांनी ती साडी ज्यांनी दिली त्यांच्याच घरी जाते, आणि तिथल्या बाईला आपला काठ लगेच ओळखू येतो. साडी बाहेर जाईल तेव्हा चिठ्ठी काढून तिच्यावरचं नाव वहीत चढव, मग चिठ्ठी फाड.

तुझी,
आई