‘प्लस मार’ म्हणजे कशात मिळवायचं?

प्रश्न : जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगाचे फोटो काढत होतो. फोटोत कापूस मळकट राखाडी येत होता. बरोबरचे दादा म्हणाले, “हिस्टोग्राम बघ आणि प्लस मार.” ऊन कडक, कापूस पांढराशुभ्र, मग आणखी प्लस कशाला? आणि हा प्लस नेमका कशात मिळवायचा? मराठीत याला काही शब्द आहे का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : दादांचा सल्ला अगदी बरोबर आहे. हा प्लस कॅमेऱ्याने स्वतः केलेल्या अंदाजात मिळवायचा असतो. एवढं ध्यानात आलं की बाकीचा गुंता आपोआप सुटतो.

कॅमेऱ्यातला मीटर फक्त समोरून परत येणारा उजेड मोजतो. समोर कापूस आहे की म्हैस, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो एक गोष्ट गृहीत धरून चालतो : चौकटीतलं सगळं एकत्र कालवलं तर मध्यम करडा रंग निघेल. पडलेल्या उजेडापैकी साधारण 18 टक्के उजेड परत फेकणारा करडा, असं त्याचं माप सांगतात. झाडं, माणसं, रस्ता, थोडं आकाश अशी सरमिसळ असली की हे गृहीतक बऱ्यापैकी जुळतं. पण वेचणीचा स्वच्छ कापूस त्या करड्याच्या चौपटीहून जास्त उजेड परत फेकतो. चौकट कापसानेच भरली की मीटरला वाटतं, केवढा हा उजेड! तो शटर लवकर बंद करतो आणि कापसाला ओढून करड्यावर आणून ठेवतो. म्हणजे ऊन कडक असल्यामुळे हे घडत नाही. ढगाळ दिवशीही तुमचा कापूस असाच राखाडी येईल. नव्या कॅमेऱ्यांचा मीटर चौकटीचे भाग पाडून थोडा शहाणपणाने हिशेब करतो, पण सगळीकडे कापूसच असला तर तोही फसतो.

आता हिस्टोग्राम. शाळेच्या गणिताच्या पुस्तकात याला ‘आयतालेख’ म्हणतात, आणि तो शब्द इथेही चालण्यासारखा आहे. आडव्या रेषेवर डावं टोक म्हणजे गडद काळं, उजवं टोक म्हणजे पांढरंफेक. उभी उंची सांगते की त्या-त्या उजळपणाचे ठिपके फोटोत किती आहेत. ठिपके कुठल्या जागचे आहेत, हे मात्र आलेख सांगत नाही. तुमच्या पहिल्या फोटोचा आलेख उघडून पाहा, मधोमध एक उंच डोंगर दिसेल आणि उजवीकडचा बराच भाग रिकामा असेल. पुष्कळ जण मधला डोंगर पाहून समाधान मानतात. कापसाच्या बाबतीत तीच चुकीची खूण आहे. पांढऱ्या वस्तूचा डोंगर उजवीकडेच असायला हवा. तेव्हा आलेख वाचण्याआधी स्वतःला विचारायचं, समोरची वस्तू मुळात किती उजळ आहे? त्याचं उत्तर आलेखात नसतं, ते आपल्या डोळ्यांनीच द्यावं लागतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. दुपारचं निरभ्र ऊन, ढीग चौकटभर, ढिगाच्या कडेला कापूस ओढणारी एक मावशी. मोड A किंवा Av, म्हणजे ॲपर्चर आपण ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्याने. f/8, ISO 100. अशा वेळी कॅमेरा 1/1250 च्या आसपास शटर निवडेल. कापूस राखाडी येईल आणि मावशींचा चेहरा तर पार काळवंडेल, कारण कापसासाठी दाबलेला उजेड चेहऱ्यालाही कमी पडतो. आता ± चं बटण दाबून चकती फिरवा आणि +1 वर या. +1 म्हणजे दुप्पट उजेड, त्यामुळे शटर 1/640 होईल आणि अख्खा डोंगर उजवीकडे सरकेल. उजव्या भिंतीशी अजून जागा उरली असेल तर +1.3 करा, शटर 1/500. कापूस पांढरा दिसू लागतो, चेहऱ्यावरचे भाव उमटतात. आणखी एक पायरी, +1.7, शटर 1/400. इथे ढिगाच्या ज्या उंचवट्यांवर ऊन थेट पडतंय, त्यांचे ठिपके उजव्या भिंतीला चिकटून उभे राहतील. हायलाइट वॉर्निंग चालू असेल तर तेवढे भाग स्क्रीनवर लुकलुकू लागतील. याचाच अर्थ फोटो ‘ओव्हर’ झाला. त्या जागी कापसाचे तंतू, त्यातला पाचोळ्याचा कण, सावलीची बारीक घडी काहीच नोंदलं गेलेलं नाही, आणि नंतर मोबाइलवर उजेड कमी केला तरी तिथे फक्त सपाट राखाडी डाग मिळेल. म्हणून एक पायरी मागे येऊन +1.3 वर थांबायचं. हे आकडे तुमच्या ढिगाला तसेच्या तसे लागू पडतील असं नाही. कापूस किती चौकट व्यापतोय यावर ते हलतात. थांबायची जागा ठरते ती आलेखाच्या उजव्या भिंतीवरून.

भिंतीला चिकटलेलं सगळंच वाईट मानू नका. मागे जिनिंगच्या पत्र्यावर सूर्य चमकत असेल तर ती चमक पांढरीफेकच राहणार. तिच्यासाठी मायनस केलं तर कापूस पुन्हा मळेल. तसंच रॉ काढत असाल तर ध्यानात ठेवा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा आलेख जेपेगवरून काढलेला असतो. रॉमध्ये उजवीकडे थोडी जागा शिल्लक असू शकते. तिच्यावर फार विसंबू नये, असं माझं मत आहे.

मायनसचंही गणित हेच, फक्त उलट्या दिशेने. पावसानंतरची ओली काळी जमीन किंवा चौकटभर म्हैस घ्या. मीटर तिलाही करड्यावर आणायला बघतो आणि म्हैस धुरकट दिसते. तिथे -0.7 किंवा -1 करून डोंगर डावीकडे न्यायचा. पांढऱ्याला प्लस आणि काळ्याला मायनस हे आधी उलटं वाटतं, पण आपण कॅमेऱ्याची चूक दुरुस्त करतोय म्हटल्यावर सरळ वाटू लागतं.

या प्लस-मायनसला इंग्रजीत ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. म्हणूनच त्यातल्या ‘कॉम्पेन्सेशन’साठी ‘भरपाई’ हा शब्द मला पटत नाही. भरपाई म्हटली की आपल्याकडे पिकाच्या नुकसानीचीच आठवण होते आणि ‘मायनस भरपाई’ कानाला बरी लागत नाही. ‘एक्स्पोजर दुरुस्ती’ म्हणा, दोन्ही बाजूंना चालतं. बोलताना मात्र ‘प्लस मार, मायनस मार’ हेच ठेवा, ते कुणालाही लगेच कळतं.

दोन गोष्टी तपासून घ्या. M मोडमध्ये ISO ठरावीक ठेवला असेल तर ± फिरवून फोटो बदलत नाही, तिथे शटर किंवा ॲपर्चर स्वतःच हलवावं लागतं. ऑटो ISO असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत चालतं. दुसरं, लावलेला प्लस बहुतेक कॅमेऱ्यांत बंद करून चालू केल्यावरही तसाच राहतो. ढीग सोडून बाहेर बैलगाडीचा फोटो घ्यायला गेलात तर आधी शून्यावर आणा, नाहीतर आकाश ओव्हर होईल.