चहाच्या वेळी अर्धं राहिलेलं बोलणं

"मॅडम, परिषदेत एका मोठ्या सरांशी छान बोलणं झालं, त्यांनी कार्डही दिलं. अकरा दिवस झाले. मेल लिहायला बसते आणि बंद करते. ते मला ओळखतील का? कामासाठी मागे लागली, असं तर वाटणार नाही?"

जळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्यातल्या एकीची गोष्ट सांगावीशी वाटते. नाव बदलून तिला वैशाली म्हणू. रावेरकडची, केळीवरच्या हरण्या रोगावर, म्हणजे काकडीसारख्या पिकांकडून केळीत येणाऱ्या विषाणूवर, पीएच.डी. करणारी. चार भेटींतलं थोडंच इथे मांडते.

पहिल्या भेटीत तिने मोबाइलवरचा मसुदा दाखवला. 'आपल्याला भेटून खूप आनंद झाला. आपलं मार्गदर्शन मिळाल्यास मी ऋणी राहीन. काही संधी असल्यास कृपया कळवावे.' मी विचारलं, "सरांचं नाव खोडून दुसऱ्या कुणाचं घातलं, तर यातलं काय बदलावं लागेल?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "काहीच नाही."

मसुदा बिघडला होता तो तिथेच. मार्गदर्शन कशाचं, संधी कसली, हे शोधायचं काम तिने सरांवरच टाकलं होतं. असा मेल वाचणाऱ्याला 'नंतर बघू' वाटतं आणि तो तसाच राहून जातो.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. माणूस घटनेपेक्षा घटनेविषयी मनात धरलेल्या वाक्याला घाबरतो, असं ती पद्धत सांगते. वैशालीचं वाक्य शोधायला दोन भेटी गेल्या. "मी मागणारी, ते देणारे." ते सापडल्यावर मी मेलचा विषयच सोडला आणि म्हटलं, "चहाच्या वेळी काय झालं ते सांग. कोण आधी बोललं?"

"मीच. म्हटलं, आमच्या आप्पांच्या मृगबागेत हरण्या आधी काकडीच्या बांधाकडच्या ओळींत दिसला, मग आत सरकला. तर ते थांबले, कप खाली ठेवला. म्हणाले, तारखा आहेत का? मी हो म्हटलं. तेवढ्यात पुढच्या सत्राची घोषणा झाली."

"म्हणजे त्यांनी तुला प्रश्न विचारला आणि तुझं उत्तर अजून बाकी आहे."

ती कितीतरी वेळ टेबलाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मग मी मागत नाहीये. मी द्यायचं राहिलंय." एवढ्या वर्षांत असे क्षण मी मोजकेच पाहिले आहेत. ते वाक्य तिचं तिला सापडलं, याचं समाधान मला आजही आहे.

मेल मग वीस मिनिटांत झाला. विषय: 'काकडीचा बांध आणि हरण्या: चहाच्या वेळचं बोलणं'. मजकूर असा:

'सर, नमस्कार. परिषदेत दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी आमच्या मृगबागेतल्या हरण्याविषयी सांगितलं, तेव्हा आपण तारखा आहेत का असं विचारलं होतं. ओळवार तक्ता सोबत जोडला आहे, एकच पान आहे. पुढच्या हंगामात बांधापासून किती ओळींपर्यंत नोंदी घ्याव्यात, हे मला ठरवता येत नाही. त्यावर वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर मी मोकळी आहे. फोन जमणार नसेल तर दोन ओळींचं उत्तरही पुरेल.'

उशिराबद्दलची लांबलचक माफी मी काढायला लावली, कारण ती वाचताना लक्ष तक्त्यावरून तिच्यावर जातं. दोन-तीन दिवसांत लिहिलेलं उत्तम, कारण समोरच्याला चेहरा आठवत असतो. उशीर झाला असेल, तर प्रसंगाची खूण जास्त नेमकी द्यावी. कप खाली ठेवण्यापूर्वी झालेलं ते एक वाक्य ओळख पटवायला पुरतं. मात्र बोलणं खरोखर आठवत नसेल, तर ते रचू नये. त्यांच्या व्याख्यानातला एखादा मुद्दा घेऊन प्रश्न विचारावा. आणि त्यांनी सहज, विश्वासाने सांगितलेली गोष्ट मेलमध्ये उतरवू नये. मेल पुढे कुणाकडेही जाऊ शकतो.

पाच दिवस उत्तर आलं नाही, तेव्हा वैशालीचा फोन आला. "झालं ना मॅडम, चिडले ते." मी तिला आठवा-दहावा दिवस येऊ द्यायला सांगितलं. मग एकदाच, त्याच मेलखाली आठवण करायची, आणि तीही काहीतरी नवं जोडून. त्यानंतरही शांतता असेल तर तो धागा तिथेच सोडायचा. गप्प राहण्याला शंभर कारणं असतात, आणि त्यातलं 'मी नकोशी आहे' हेच एक आपण पुराव्याशिवाय उचलतो.

नवव्या दिवशी तिने कांदेबागेतल्या, म्हणजे मृगबागेनंतर लावलेल्या केळीतल्या, पहिल्या नोंदी जोडून पाठवल्या. सरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, दोनच ओळींचं. 'उपटून टाकलेल्या झाडांची नोंद तक्त्यात दिसत नाही. ती घाला, मग गुरुवारी बोलू.'

गुरुवारपर्यंत ती आप्पांसोबत बागेत ओळी मोजत होती.