प्रतिज्ञापत्रात नाव सगळीकडे एकसारखं कसं ठेवायचं?

"वडिलांचं नाव कुठे 'सूर्यकांत', कुठे 'सुर्यकांत' झालंय. प्रतिज्ञापत्र आणि जोडपत्रं मिळून बारा पानं आहेत. सगळीकडे एकच कसं करू?"

आधी कोणत्या ओळखपत्रावरचं नाव प्रमाण धरायचं ते ठरवा. पहिल्या परिच्छेदात ते एकदा नीट टाईप करा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तेच कॉपी-पेस्ट करा, पुन्हा टाईप करू नका. शोधताना पूर्ण नाव शोधू नका, कारण चुकलेलं रूप सापडणारच नाही. फक्त 'कांत' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी 'सू' पाहा. कुणी 'कान्त' लिहिलं असेल तर तेही निसटतं, म्हणून आडनावानेही एक फेरी मारा.

मराठीत खरी गडबड प्रत्ययांमुळे होते. आडनाव 'काळे' असेल तर 'काळ्यांनी', 'काळ्यांचे' असं सहज लिहिलं जातं आणि मूळ नाव बदलतं. 'काळे यांनी', 'काळे यांचे' असंच लिहा, म्हणजे नावाला धक्का लागत नाही.

जोडपत्रांचं मात्र वेगळं आहे. तुम्ही स्वतः तयार केलेले तक्ते, याद्या दुरुस्त करा. पण जुन्या दाखल्याच्या प्रतीवर 'सुर्यकांत' असेल तर त्याला अजिबात हात लावू नका, ती खाडाखोड ठरेल. त्याऐवजी मजकुरात एक परिच्छेद घाला: "जोडपत्र 'ब' मध्ये 'सुर्यकांत' असे नमूद असलेली व्यक्ती व सूर्यकांत ही एकच व्यक्ती आहे." चुकीचं रूप फक्त इथेच, अवतरणात, जसंच्या तसं ठेवा. सगळं बदलून टाकणारी 'रिप्लेस ऑल' आज्ञा नेमकं हेच वाक्य बिघडवते.