दुसरी पत्रिका तुझीच, आत्या

"घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका दर पंधरा दिवसांनी सगळ्यांसमोर विचारतात, 'लग्नाचं काय? पॅकेज किती झालं?' सांगायची इच्छा नाही, खोटं बोलवत नाही. गप्प बसलो तर आई म्हणते, मोठ्यांना उत्तर न देणं बरं दिसत नाही. काय लिहू?" (वय ३१, पुणे)

माझ्याकडे आलेल्या एका २९ वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून. पहिल्याच भेटीत तिने फोन माझ्यापुढे धरला. "मॅडम, आधी हे वाचा. मग सांगा, मी वेडी आहे की आत्या."

आत्याने ग्रुपवर विचारलं होतं, "काय गं, कधी वाजवायचे चौघडे?" हिने उत्तर लिहिलं होतं ते बारा ओळींचं. सध्या कामाचा ताण आहे, नुकताच फ्लॅट घेतलाय, २६ हजारांचा हप्ता आहे, तो जरा आवाक्यात आला की विचार करीन, वगैरे. आत्याचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. पाच मिनिटांत त्यांचा मेसेज आला, "म्हणजे कर्ज ३० लाखांच्या आसपास. हप्ता साधारण निम्म्या पगारापर्यंत बसवतात, तेव्हा हातात ५२ हजार तरी येत असणार. मग अडचण काय आहे?" एका प्रश्नाचं उत्तर देता देता तिने दुसऱ्याचंही देऊन टाकलं होतं.

पुढच्या वेळी ती चिडली आणि लिहून बसली, "आधी तुझ्या सुनेचा पगार सांग." झालं. आत्या रुसली, आणि माफी मागायला फोन कुणाला करावा लागला? हिच्या आईला. असं तिरकस उत्तर टाकणारा मोकळा होतो, निस्तरतं मात्र तिसरंच माणूस.

आम्ही आधी तिच्या रागाकडे पाहिलं. अल्बर्ट एलिस यांनी मांडलेल्या आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत मागणी आणि इच्छा यांत फरक करतात. "आत्याने असं विचारताच कामा नये" ही मागणी, आणि ती पुरी करणं सर्वस्वी आत्याच्या हातात. "तिने विचारलं नसतं तर बरं झालं असतं" ही इच्छा. दुसऱ्या वाक्याने वैताग येतो, पण हात थरथरत नाहीत. आणि थरथरत्या हाताने लिहिलेला मेसेज एकतर लांबतो नाहीतर टोचतो, हे आपण पाहिलंच.

मग त्या बारा ओळींवर आम्ही पेन्सिल चालवली. पहिल्यांदा कारणं गेली. कारण दिलं की समोरच्याला ते सोडवावंसं वाटतं. ताण आहे म्हटलं की "लग्न झाल्यावर कमी होतो", हप्ता आहे म्हटलं की "दोघं मिळून फेडाल". मग "सध्या", "अजून तरी", "बघू" हे शब्द गेले. आपण ते सौम्यपणासाठी वापरतो, पण ऐकणाऱ्याला त्यात पुढची तारीख ऐकू येते. "सध्या नाही" म्हटलेल्या माणसाला दिवाळीत पुन्हा विचारणं अगदी रास्तच की. शेवटी उरलं ते असं:

"आत्या, ठरलं की पहिली पत्रिका गणपतीला आणि दुसरी तुला. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस का आता?"

यात माहिती काहीच नाही, पण आपलेपणा खरा आहे. गुडघ्याचा प्रश्न मी मुद्दाम तिच्याकडून काढून घेतला. विषय वळवायचा तर ज्याचं उत्तर आपल्याला खरोखर हवंय अशा गोष्टीकडेच वळवावा. उगाच "बाकी काय म्हणतेस?" लिहिलं तर आत्याला टाळाटाळ लगेच कळते, आणि ती "बाकी काही नाही, तू लग्नाचं सांग" म्हणून तिथेच परत येते.

पगारासाठीही एक वाक्य ठरवलं: "भागतंय गं छान, महिनाअखेरीला चार पैसे उरतात." आकड्याचा मोह तिला होताच. "थोडा कमी सांगू का?" म्हणून तिने विचारलं. मी नको म्हटलं. खोटा आकडा कुणाला किती सांगितला ते लक्षात ठेवावं लागतं, आणि नातेवाईक आपसात ताळा करतात.

आता खरी कसोटी. आत्याने तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत, पुन्हा लिहायचं ठरलं होतं. नवं, जास्त चांगलं वाक्य शोधायचं नाही, कारण शब्द बदलले की बोलणी सुरू झाल्यासारखी वाटतात. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की दांडी दाबल्यावर दर वेळी दाणा मिळणाऱ्या प्राण्यापेक्षा अधूनमधून मिळणारा प्राणी, दाणा बंद झाल्यावरही कितीतरी जास्त वेळ दांडी दाबत राहतो. (आत्याची तुलना उंदराशी करत नाहीये, सगळ्या माणसांचं हेच असतं.) पाच वेळा टाळून सहाव्यांदा कंटाळून सांगून टाकलं, तर आत्या एवढंच शिकते की सहा वेळा विचारावं लागतं. आणि दाणा थांबला की सुरुवातीला दांडी उलट जोरात दाबली जाते, तेव्हा पहिले काही दिवस प्रश्न वाढले म्हणून उपाय फसला असं समजायचं नाही.

तसंच झालं. ग्रुपवर काही मिळेना म्हणून आत्याने थेट आईला फोन लावला, आणि आईने पगार सांगितला! मुलगी रडत आली. चूक माझीही होती, आईशी बोलायला हवं हे मला आधी सुचलं नाही. पुढच्या भेटीला आई आल्या. नणंदेला नाही म्हणायची त्यांना तीस वर्षांत सवय नव्हती. त्यांनाही एकच वाक्य दिलं: "वन्सं, तिचं तिलाच विचारा हो, मला आकडे कळत नाहीत." हे म्हणायची त्यांनी माझ्यासमोर चार वेळा तालीम केली. तिसऱ्यांदा त्यांना हसू आलं, तेव्हा मला वाटलं, जमेल.

एका ठिकाणी मात्र हे वाक्य वापरू नका. काकांनी तुमच्यासाठी खरोखर एखादं स्थळ आणलं असेल, कुणाकडे तुमची पत्रिका दिली असेल, तर तिकडे एक कुटुंब उत्तराची वाट पाहत असतं. तिथे गोड बोलून टाळणं अन्याय आहे. ग्रुपवर नाही, फोनवर, सरळ सांगा: "काका, माझ्यासाठी स्थळं बघू नका. पत्रिका दिली असेल तर परत मागवा, प्लीज." त्या मुलीच्या आत्याकडेही असंच एक स्थळ ताटकळलेलं निघालं. तिचा घायकुतेपणा निम्मा त्यातून आला होता. हे सांगितल्यावर ती दोन दिवस घुश्शात होती.

तुमच्या काकांना ग्रुपवर उत्तर द्याच, दोन ओळींत, आणि आईला ते वाक्य आधी वाचून दाखवा. पॅकेजच्या प्रश्नाला "काका, तुमच्या आशीर्वादाने भागतंय" पुरे. पुढचा प्रश्न तुम्ही विचारायचा आहे, पण तो तुमच्या काकांबद्दलचा हवा, मला तो ठाऊक नाही.

त्या आत्याचा शेवटचा मेसेज मी पाहिला तो असा होता: "बरं बाई. उजवा बरा आहे, डाव्याचं दिवाळीनंतर करायचंय. तू येशील ना दोन दिवस?"