डीपीआय वाढवून नेम सुधारत नाही

डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकल्यावर तो किती टप्पे मोजतो तो आकडा. आधी विंडोजच्या माउस सेटिंगमधलं Enhance pointer precision बंद करा, ते हाताच्या वेगानुसार पॉइंटरचं अंतर बदलतं. ते चालू असेल तर पुढचा हिशेब जुळणार नाही. पॉइंटरचा वेग मधल्या खुणेवर असताना ८०० डीपीआयचा माउस एक इंच सरकवला की पॉइंटर सुमारे ८०० पिक्सेल जातो. म्हणजे १९२० पिक्सेल रुंद स्क्रीन ओलांडायला जवळपास अडीच इंच. १६०० केलंत तर सव्वा इंचात काम होतं, पण हाताची थरथरही दुप्पट दिसते. छोट्या बटणावरून पॉइंटर सारखा पुढे निसटत असेल, तर डीपीआय खाली आणा. नवशिके नेमकं उलटं करतात (मीही केलं होतं!).

पोलिंग रेटने वेग बदलत नाही. १२५ हर्ट्झला माउस दर ८ मिलिसेकंदांनी हालचाल कळवतो, १००० ला दर मिलिसेकंदाला. १००० ठेवा, जुन्या संगणकावर गेम अडखळला तर ५००.